सुधारित शुल्काची नोटीस: नेमकं काय बदललं आणि कोणत्या तारखेपासून?

शब्दवेल

आईच्या बचत खात्यासाठी बँकेची नोटीस आली आहे. आम्ही दोघींनी ती पुन्हापुन्हा वाचली, तरी उलगडा होत नाही. मजकूर जसाच्या तसा देते:

"प्रिय ग्राहक, बँकेच्या सेवाशुल्कात सुधारणा करण्यात येत आहे. बचत खात्यात आता तिमाही सरासरी शिल्लक रु. 5,000 ऐवजी मासिक सरासरी शिल्लक रु. 10,000 राखणे आवश्यक राहील. शिल्लक कमी पडल्यास कमतरतेच्या रकमेवर 6 टक्के, कमाल रु. 500, अधिक लागू कर. सुधारित शुल्क दि. 16 ऑगस्टपासून अमलात येईल."

नोटिशीवर 10 जुलै ही तारीख आहे. आईच्या मोबाइलवर मेसेज मात्र 22 जुलैला आला. टक्का आणि कमाल रक्कम जुन्या तक्त्यातही हीच होती, म्हणजे बदल शिल्लकीच्या अटीत आहे.

जुलैभर खात्यात 4,000 रुपये होते आणि 15 ऑगस्टपर्यंत तेवढेच राहतील. 16 ऑगस्टला आईच्या मुदत ठेवीचं व्याज येतं. ते जमा झालं की 12,000 होतील, आणि पुढे बरेच दिवस त्याला हात लागणार नाही. शाखेत विचारलं तर काउंटरवरून उत्तर मिळालं, "तारीख लिहिलीच आहे ना." तारीख लिहिली आहे हे खरं, पण 16 ऑगस्टपासून काय? त्या दिवशी पैसे कापायला लागणार, की त्या दिवसापासून शिल्लक मोजायला लागणार, की ऑगस्टचा अख्खा महिना नव्या नियमाने मोजणार?

शाखा व्यवस्थापकांना द्यायला हे पत्र लिहिलं आहे:

"महोदय, आपल्या नोटिशीचा अर्थ आम्हाला कळलेला नाही. माझी आई ज्येष्ठ नागरिक असून अशा नोटिशींमुळे तिला त्रास होतो. सुधारित शुल्क कोणत्या तारखेपासून लागू होईल याचा कृपया खुलासा करावा."

यात काही बदल करावा का?

रानवारा

पत्र फारच मऊ आहे. शिल्लकीची अट बदलायची तर बँकेने किमान एक महिना आधी कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज 22 जुलैला आला आणि अंमल 16 ऑगस्टपासून, म्हणजे महिनाही होत नाही. नोटीसच बेकायदेशीर आहे आणि शुल्क लागूच होऊ शकत नाही, असं ठणकावून लिहा.

सायली_न

माझ्या क्रेडिट कार्डाचंही असंच झालं. वार्षिक शुल्क वाढवल्याचा ईमेल आला, मी तो पाहिलाच नाही आणि थेट बिलात रक्कम दिसली. मलाही असं पत्र लिहून पैसे परत मिळतील का?

जमाखर्च

शब्दवेल, मी बँकेतून निवृत्त झालो. शाखेतही काम केलं आणि शुल्काच्या तक्रारी जिथे येतात त्या विभागातही. तुमच्या पत्रातली अडचण सांगतो. "कोणत्या तारखेपासून लागू" एवढंच विचारलंत तर "16 ऑगस्टपासून" एवढंच उत्तर येईल. काउंटरवर मिळालं तेच, फक्त शिक्क्यासह.

सरासरी शिल्लकीच्या शुल्काला एक तारीख नसते. बँकेने कळवलं ती एक, नवा तक्ता अमलात येतो ती दुसरी. ज्या दिवसांची शिल्लक सरासरीत धरतात त्यांची पहिली आणि शेवटची तारीख असते, आणि खात्यातून पैसे प्रत्यक्ष कापतात ती आणखी वेगळी. नोटिशीत यातली फक्त अंमलाची तारीख दिली आहे. पैसे काढण्याच्या शुल्काला ती पुरते, कारण तिथे व्यवहार झाला तो दिवस आणि शुल्काचा दिवस एकच. सरासरीचं शुल्क मात्र एका दिवसावर लागत नाही, एका काळावर लागतं. हा अंमलाचा दिवस त्या काळाच्या मधोमध आला की गोंधळ होतो. इथे तो महिन्याच्याही मध्ये आहे आणि तिमाहीच्याही मध्ये. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

रानवारा, एक महिना आधी कळवण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. किमान शिल्लक किंवा तिच्याखालचं शुल्क बदलताना जुन्या खातेदारांना निदान महिनाभर आधी कळवायचं असतं. पण तो महिना मेसेज हातात पडल्यापासूनच मोजायचा, असं गृहीत धरून पत्र लिहू नका. बँक 10 जुलैच्या नोटिशीकडे बोट दाखवेल. ती शाखेत लावली, संकेतस्थळावर टाकली, ईमेलने पाठवली असंही म्हणेल. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच: या खातेदाराला तुम्ही कधी आणि कशाने कळवलंत? उत्तर 22 जुलै आलं, तर तुमचा मुद्दा त्यांच्याच लेखी कबुलीवर उभा राहतो.

सायलीताई, कार्डाचे नियम वेगळे आहेत. तिथेही शुल्कातला बदल पुढच्या काळासाठीच आणि निदान महिन्याच्या सूचनेनेच करता येतो. वाढ मान्य नसेल तर त्या कारणाने कार्ड परत करताना बँकेला तुमच्याकडे जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. पण तुमच्याकडे ईमेल आलेला आहे, त्यामुळे त्याची तारीख आधी पाहा. शक्यतो वेगळा धागा काढा.

कातरवेळ

किमान शिल्लकीची अट आता बंदच झाली ना? मग ही नोटीस कशी काय?

जमाखर्च

सगळीकडे नाही. काही बँकांनी ती स्वतःहून काढली, स्टेट बँकेने 2020 मध्ये बचत खात्यांसाठी काढली. ती प्रत्येक बँकेच्या मर्जीची गोष्ट आहे. मूलभूत बचत खात्याला मात्र ही अट कोणत्याच बँकेत नसते. आईंच्या खात्यात फारशी उलाढाल नसेल तर तोही मार्ग आहे. त्यात पैसे काढण्याच्या मोफत वेळा मोजक्या असतात आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे धरून ठरवा.

अंकलिपी

शब्दवेल यांनी आकडे दिलेच आहेत तर हिशोब मांडून बघितला. सरासरी म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिल्लकीची बेरीज भागिले दिवस, सुट्टीचे दिवसही धरून.

बँकेने अख्खा ऑगस्ट नव्या नियमाने मोजला असं समजा. 15 दिवस 4,000 आणि 16 दिवस 12,000, बेरीज 2,52,000. भागिले 31, सरासरी 8,129. दहा हजारांना 1,871 कमी. त्यावर 6 टक्के म्हणजे 112 रुपये 26 पैसे. "अधिक लागू कर" म्हणजे वर 18 टक्के जीएसटी, तो 20 रुपये 21 पैसे. एकूण 132 रुपये 47 पैसे. त्याच हिशोबाने कमाल 500 म्हणजे प्रत्यक्षात 590 कापले जाऊ शकतात.

आता फक्त 16 ते 31 ऑगस्ट मोजले तर सरासरी 12,000, शुल्क शून्य. म्हणजे एकच खातं, तीच शिल्लक, आणि नोटिशीतल्या एका वाक्याचे दोन अर्थ लावले की एकात 132 रुपये, एकात काही नाही.

पण मला यापेक्षा तिमाही जास्त खटकते. जुन्या नियमाने जुलै ते सप्टेंबर हे 92 दिवस. त्यात बरोबर निम्मे, 46 दिवस, 4,000 आणि उरलेले 46 दिवस 12,000. सरासरी 8,000, म्हणजे पाच हजारांच्या अटीत आरामात बसते. बँकेने तिमाही 15 ऑगस्टला तोडली तर पहिल्या 46 दिवसांची सरासरी 4,000 येते. हजार रुपये कमी, शुल्क 60, करासह 70 रुपये 80 पैसे. ज्या तिमाहीत आईंनी जुना नियम पूर्ण पाळला असता, त्यातच त्या थकबाकीदार ठरतात, कारण शिल्लक भरून काढायचे दिवसच कापले गेले.

शब्दवेल

बापरे, तिमाहीचा विचार मी केलाच नव्हता. आई नेहमी तसंच करते. व्याज येईपर्यंत शिल्लक कमी, मग जास्त. तिमाहीत ते जमून जायचं.

जमाखर्च

अंकलिपी, मांडणी छान केलीत. शब्दवेल, आईंच्या खात्याचा खरा बदल तुम्ही आत्ता लिहिलात तो आहे. दहा हजारांचा आकडा डोळ्यांत भरतो. पण तिमाहीऐवजी मासिक झाल्यामुळे एका महिन्याची तूट दुसऱ्या महिन्यात भरून निघणं बंद होतं. व्याज वर्षातून एकदाच येत असेल तर पुढचा प्रत्येक महिना स्वतंत्र मोजला जाणार आहे, हे आईंना आत्ताच समजावून सांगा.

किल्लीकाटा

मी बँकांच्या संगणक प्रणालीवर काम करते. आतून हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे पत्रात काय विचारायचं ते ठरेल.

सरासरीचं शुल्क रोज ठरत नाही. महिना किंवा तिमाही संपली की रात्री एक प्रक्रिया चालते. ती खात्याच्या प्रकाराला जोडलेली अट बघते, सरासरी काढते आणि तूट असेल तर शुल्काची नोंद तयार करते. प्रत्यक्ष वजावट नंतर होते. सुधारणा करायची म्हणजे त्या प्रकाराची अट बदलायची. अट महिन्याच्या मध्ये बदलली आणि जुन्या-नव्या दिवसांची वेगळी सोय केली नसेल, तर महिनाअखेरची प्रक्रिया त्या रात्री जी अट दिसेल ती लावते आणि सरासरी 1 तारखेपासून काढते. म्हणजे अंकलिपींचा 132 रुपयांचा आकडा. बँकेच्या मनात तसं नसलं तरी तो लागू शकतो.

म्हणूनच शिल्लकीची अट सहसा महिन्याच्या किंवा तिमाहीच्या 1 तारखेपासून बदलतात. इथे 16 तारीख आहे, तेव्हा मला वाटतं की ती अख्ख्या शुल्क तक्त्याची तारीख आहे. चेकबुक, डुप्लिकेट पासबुक वगैरे सगळं त्या दिवसापासून, आणि शिल्लकीचा पहिला मासिक हिशोब कदाचित सप्टेंबरचा. पण हा माझा अंदाज. नोटिशीवरून तो काढता येत नाही, येऊही नये.

रानवारा

मग याला जबाबदार कोण? प्रणालीने चुकीचे पैसे कापले तर आईंनी हेलपाटे घालायचे? पत्रात इशारा हवाच, असं माझं ठाम मत आहे. नुसता खुलासा मागणाऱ्याला कुणी मोजत नाही.

जमाखर्च

तुमचा राग कळतो. पण अजून एक रुपयाही कापलेला नाही. आज "बेकायदेशीर" लिहिलंत तर पत्र तक्रार म्हणून वेगळ्या टेबलावर जाईल आणि "नियमानुसारच" असं छापील उत्तर येईल. प्रश्न असे विचारा की हो, नाही किंवा तारीख याखेरीज उत्तरच देता येणार नाही. ते उत्तर पुढे वजावट झाली तर कामाला येतं.

आणखी एक गोष्ट पत्रात घ्या. शिल्लक कमी पडली की बँकेने खातेदाराला तसं कळवायचं आणि कळवल्यापासून महिन्याभरात शिल्लक पूर्ववत झाली नाही तर शुल्क लागेल असं सांगायचं, ही रिझर्व्ह बँकेची सूचना एप्रिल 2015 पासून लागू आहे. शुल्क तुटीच्या प्रमाणात असावं आणि केवळ त्या शुल्कामुळे खातं उणे होऊ नये, हेही त्यातच आहे. म्हणजे ऑगस्टची तूट सप्टेंबरच्या सुरुवातीला कळवली तर वजावट ऑक्टोबरच्या आधी व्हायला नको.

किल्लीकाटा

इथे थोडं वेगळं मत आहे. महिन्याभरात शिल्लक पूर्ववत करायची, म्हणजे काय करायचं? ऑगस्टची सरासरी सप्टेंबरमध्ये पैसे भरून बदलत नाही. काही ठिकाणी पुढच्या महिन्याची सरासरी पुरेशी झाली तर आधीचं शुल्क सोडतात, काही ठिकाणी मेसेज पाठवून महिनाभर थांबतात आणि जुन्या तुटीचं शुल्क कापतातच. दोन्ही जण नियम पाळल्याचं सांगतात.

जमाखर्च

माझ्या मते सूचनेचा हेतू स्पष्ट आहे: शिल्लक भरली तर शुल्क नाही. पण सरासरीच्या बाबतीत शब्द मोकळे राहिले आहेत, हे तुमचं म्हणणं मला खोडता येणार नाही. म्हणूनच या बँकेची पद्धत काय, ते विचारायचं.

शब्दवेल, मी पत्र असं लिहीन:

"प्रति, शाखा व्यवस्थापक.
विषय: 10 जुलैच्या नोटिशीतील सरासरी शिल्लकीच्या अटीबाबत खुलासा.

महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. वरील नोटिशीचा मेसेज मला 22 जुलै रोजी मिळाला. नोटिशीत सुधारित शुल्क 16 ऑगस्टपासून अमलात येईल असे म्हटले आहे. सरासरी कोणत्या दिवसांची काढणार, हे त्यात नमूद नाही. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात.

1. मासिक सरासरी 10,000 रुपयांच्या अटीचा पहिला हिशोब कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा असेल? 1 ते 15 ऑगस्टचे दिवस त्यात धरले जातील का?
2. 1 जुलैपासून सुरू झालेल्या तिमाहीला जुनी 5,000 रुपयांची अट कोणत्या तारखेपर्यंत लागू राहील, आणि ती सरासरी किती दिवसांवर काढली जाईल?
3. शिल्लक कमी पडल्यास मला ते कसे कळवले जाईल, आणि त्यानंतर शिल्लक भरल्यास शुल्क माफ होईल का?
4. या बदलाची सूचना माझ्या खात्यासाठी कोणत्या तारखेस व कोणत्या मार्गाने पाठवली?

नोटिशीची प्रत सोबत जोडली आहे. आपली विश्वासू."

सही आईंची घ्या, तुमची नको, खातं त्यांचं आहे. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. शाखेत टाळाटाळ झाली तर हाच मजकूर बँकेच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पाठवा आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवा. ज्येष्ठ नागरिक, त्रास वगैरे वाक्यं मी काढली. ती खरी आहेत, पण उत्तर देणारा तेवढ्याचंच उत्तर देतो आणि प्रश्न बाजूला राहतात.

शब्दवेल

मनापासून आभार काका. आईने वाचून लगेच सही केली. म्हणाली, मला हेच विचारायचं होतं. उद्या देऊन येते.

शब्दवेल

शाखेचं लेखी उत्तर आलं. सारांश असा. मासिक सरासरीचा पहिला हिशोब 1 ते 30 सप्टेंबरचा असेल, ऑगस्टचे दिवस त्यात धरणार नाहीत. म्हणजे किल्लीकाटा यांचा अंदाज खरा ठरला. शिल्लक कमी पडली तर मेसेज येईल, पण नंतर भरल्यावर माफी मिळणार की नाही याबद्दल "बँकेच्या प्रचलित धोरणानुसार" एवढंच आहे. सूचना 22 जुलैला मेसेजने पाठवली, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे तिमाहीबद्दल, उत्तरच नाही.

अंकलिपी

मग आईंपुरता हिशोब असा. नवा नियम 1 सप्टेंबरपासून असेल तर जुनी तिमाही तोडली तरी 31 ऑगस्टला तुटेल. 46 दिवस 4,000 आणि 16 दिवस 12,000, बेरीज 3,76,000, भागिले 62, सरासरी 6,064. पाच हजारांच्या वर. सप्टेंबरची सरासरी 12,000. दोन्हीकडे शुल्क नाही.

रानवारा

आईंचं निभावलं, आनंद आहे. पण माझंही खातं याच प्रकारचं निघालं. मलाही तीच नोटीस आहे. माझ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये 3,000 असतात आणि रक्कम येते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पूर्ण तिमाही धरली तर मी पास. 31 ऑगस्टला तोडली तर दोन हजारांची तूट, 120 रुपये अधिक कर. आणि जमाखर्च, 22 जुलैची कबुली आता लेखी आहे. महिन्याची सूचना झालेली नाही, हे आता तरी मान्य करा.

जमाखर्च

16 ऑगस्टपासून लागणाऱ्या शुल्कांसाठी मान्य. शिल्लकीच्या अटीसाठी बँक म्हणेल की अंमल 1 सप्टेंबरपासून आहे, म्हणून महिना पुरा झाला. पण मग त्याच उत्तरावरून तुम्ही विचारू शकता की 1 सप्टेंबरपासून नवा नियम, तर 1 जुलैची तिमाही मध्येच का संपवता? तिमाही सुरू झाली तेव्हा खातेदाराला 30 सप्टेंबरपर्यंतचा वेळ सांगितलेला होता. तो मागाहून कमी करणं म्हणजे मागच्या तारखेपासून अट बदलणंच आहे, असं माझं मत. बँकेचं मत वेगळं असू शकतं, आणि यावर स्पष्ट शब्दांत लिहिलेला नियम मी दाखवू शकत नाही.

एक लक्षात घ्या. शब्दवेल यांनी दिलं ते खुलाशाचं पत्र आहे, तक्रार नाही. लोकपालांकडे जायचं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते आणि उत्तर न आल्यास 30 दिवस थांबावं लागतं. त्यामुळे तुम्ही पत्राच्या विषयातच "तक्रार" हा शब्द घाला आणि फक्त तिमाहीचा एकच प्रश्न विचारा, तुमच्या आकड्यांसकट.

रानवारा

ठीक. मजकूर आज रात्री इथे टाकतो, अंकलिपी यांनी आकडे तपासून द्यावेत. शब्दवेल, तुमच्या उत्तरातलं 1 सप्टेंबरबद्दलचं वाक्य शब्दशः मिळेल का? नाव आणि खाते क्रमांक झाकून.

शब्दवेल

देते. "मासिक सरासरी शिल्लकीची प्रथम गणना दि. 1 सप्टेंबर ते 30 सप्टेंबर या कालावधीसाठी करण्यात येईल." आईच्या वतीने तिमाहीचा प्रश्न मीही पुन्हा पाठवते आहे. शुल्क लागणार नसलं तरी उत्तर लेखी हवं.